टायमर लावूनही रात्री रील्स सुरूच? गोम मध्यरात्रीच्या बारात आहे

ॲपचा रोजचा टायमर रात्री 12 वाजता पुन्हा शून्यावर येतो. रात्री जागणाऱ्यासाठी तो नेमका नको त्या वेळी उघडतो. फोनमधला अहवाल कसा वाचायचा आणि रात्रीसाठी कोणते कुलूप लावायचे?

हट्टा (ता. वसमत, जि. हिंगोली) असो की पुणे, रात्री साडेदहाला "पाच मिनिटं बघतो" म्हणून हातात घेतलेला फोन एक वाजता खाली ठेवला जातो, ही तक्रार आता सगळीकडे सारखीच आहे. अनेकांनी त्यावर उपायही करून पाहिला आहे. फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन इन्स्टाग्रामला किंवा यूट्यूबला दिवसाला 45 मिनिटांचा टायमर लावला. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी वैताग आला आणि टायमर काढून टाकला. मग आपल्यातच दम नाही, असे म्हणून विषय संपवला.

बहुतेक वेळा दोष दमाचा नसतो. चुकीचे हत्यार चुकीच्या वेळी वापरले गेलेले असते.

फोनचा दिवस 12 ला बदलतो, तुमचा नाही

गुगलने 2018 मध्ये अँड्रॉइड 9 बरोबर Digital Wellbeing ही सोय आणली. त्याच वर्षी ॲपलने आयफोनमध्ये Screen Time दिले. दोन्हींत तुम्ही कोणते ॲप किती वेळ पाहिले याची नोंद राहते आणि प्रत्येक ॲपला रोजची मर्यादा घालता येते. मर्यादा संपली की ॲपचे चिन्ह राखाडी होते आणि ते उघडत नाही.

आता खरी गोम. दोन्ही फोनमध्ये ही मर्यादा मध्यरात्री 12 वाजता नव्याने सुरू होते. अहवालातली तारीखही त्याच क्षणी बदलते. दिवसभर फोन पाहणाऱ्या माणसाला याने फरक पडत नाही, पण रात्री दहा ते दीड या वेळेत अडकणाऱ्याचा सगळा हिशेब यामुळे विस्कटतो.

समजा, हट्ट्यातल्या एका तरुण दुकानदाराने मंगळवारी इन्स्टाग्रामला 45 मिनिटांचा टायमर लावला. दिवसभरात थोडे थोडे पाहत रात्री 10:20 ला त्याची 45 मिनिटे संपली आणि ॲप बंद झाले. झोप आलेली नव्हती, म्हणून त्याने यूट्यूब उघडले. त्याला टायमर नव्हता. बारा वाजले. इन्स्टाग्रामचे राखाडी चिन्ह पुन्हा रंगीत झाले आणि त्याला नवी कोरी 45 मिनिटे मिळाली. ती त्याने 12:45 पर्यंत सलग संपवली.

बुधवारी सकाळी दुकानात बसल्यावर एका गिऱ्हाइकाने विचारले, "तुमच्या पेजवरचा फोटो दाखवा." ॲप उघडेना, कारण बुधवारचा कोटा मध्यरात्रीच खर्च झाला होता. दुपारपर्यंत त्याने वैतागून टायमर काढला. गंमत अशी की, तोवरचा अहवाल पाहिला तर तो अगदी शहाण्या माणसाचा दिसतो: बुधवार, इन्स्टाग्राम 45 मिनिटे, मर्यादेच्या आत. ती 45 मिनिटे झोपेतून कापलेली होती, हे तो आकडा सांगत नाही.

म्हणजे टायमरने रात्री मोकळीक दिली आणि दिवसा शिक्षा केली. आपल्याला हवे होते ते याच्या उलट.

यात मोबाइल कंपन्यांच्या पॅकचाही थोडा हातभार आहे. रोज दीड-दोन जीबीचे पॅक घेणाऱ्यांना "आजचा डेटा वाया जाऊ नये" ही घाई रात्री अकरानंतरच सुचते. 2021 मध्ये तर व्हीआयच्या काही प्लॅनमध्ये रात्री 12 ते सकाळी 6 अमर्याद डेटाची सोय आली. नेट कंपनीच्या दृष्टीने तो रिकामा वेळ होता. आपल्या दृष्टीने ती झोपेची वेळ आहे. न वापरलेल्या डेटाचे पैसे काही परत मिळत नाहीत, पण वापरल्यानेही मिळत नाहीत.

आधी रात्रीचा खरा आकडा काढा

अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज उघडून Digital Wellbeing & parental controls मध्ये जा. कंपनीप्रमाणे ही जागा बदलते, त्यामुळे शोधत बसण्यापेक्षा सेटिंग्जच्या वरच्या शोध चौकटीत wellbeing एवढे टाइप केले तरी पुरते. आत Dashboard वर बोट लावले की दिवसाचा एकूण वेळ आणि ॲपनिहाय वाटणी दिसते. आयफोनमध्ये सेटिंग्जमधले Screen Time आणि त्यातले See All App & Website Activity हा मार्ग आहे. तिथे Day निवडले की तासागणिक खांब दिसतात.

बहुतेक लोक इथे फक्त वरचा मोठा आकडा पाहतात. "पाच तास दहा मिनिटे! बाप रे!" आणि फोन खाली. त्या आकड्यात गिऱ्हाइकांचे व्हॉट्सॲप, बँकेचे काम, नकाशा, बाजारभाव सगळे मिसळलेले असते. त्यावरून रात्रीबद्दल काहीच कळत नाही. शिवाय त्या आकड्यात आदल्या रात्रीचे 12 नंतरचे पाहणे मोडते आणि त्याच रात्रीचे 12 नंतरचे पाहणे त्यात नसते.

तासागणिक खांब प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये सारखे दिसत नाहीत. म्हणून कोणत्याही फोनवर चालणारी एक सोपी रीत सांगतो. त्यासाठी तीन आकडे कागदावर लिहायचे.

पहिला आकडा रात्री दहा वाजता: आजचा एकूण वेळ. दुसरा आणि तिसरा दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर, व्हॉट्सॲप उघडण्याआधी: कालचा एकूण वेळ किती झाला आणि आजचा किती दिसतो. सकाळी उठल्या उठल्या "आज" खाली जो वेळ दिसतो, तो सगळाच्या सगळा मध्यरात्रीनंतरचा असतो. कारण त्या तारखेत तुम्ही अजून दुसरे काही केलेलेच नाही.

आपल्या दुकानदाराने टायमर लावण्याच्या आदल्या रात्री, म्हणजे सोमवारी, हे केले असते तर चित्र असे दिसले असते. सोमवारी रात्री दहाला 3 तास 40 मिनिटे. मंगळवारी सकाळी पाहिले तर सोमवारची बेरीज 5 तास 10 मिनिटे झालेली. म्हणजे दहा ते बारा या दोन तासांत दीड तास फोन चालू. आणि मंगळवारच्या नावावर सकाळी सहालाच 59 मिनिटे जमा. दीड तास अधिक 59 मिनिटे, एकूण 2 तास 29 मिनिटे. ही त्याची एका रात्रीची खरी बेरीज. अहवालाच्या कोणत्याही एका दिवसात हा आकडा त्याला सापडला नसता.

तीन रात्री असे लिहिले की पुरे. एकाच रात्रीवर जाऊ नका; क्रिकेटचा सामना किंवा घरातले लग्न असेल तर ती रात्र वेगळीच असते. आणि फोन घरात सामाईक असेल, रात्री मुलगा किंवा पुतण्या त्यावर काही पाहत असेल, तर त्याचा वेळही तुमच्या खात्यात पडतो. अशा वेळी दहानंतर फोन कोणाच्या हातात होता, हे कागदावर शेजारी लिहून ठेवा. स्क्रीन बंद करून नुसते कीर्तन किंवा गाणी ऐकत पडलात, तर तो वेळ यात साधारणपणे धरला जात नाही. तो धरायचीही गरज नाही.

अहवालात आणखी एक जागा पाहण्यासारखी आहे. अँड्रॉइडमध्ये ॲप किती वेळा उघडले हे Times opened मध्ये आणि फोन किती वेळा उघडला हे Unlocks मध्ये दिसते. आयफोनमध्ये त्याला Pickups म्हणतात. सकाळी उठल्यावर "आज"च्या खात्यात 59 मिनिटे आणि फोन उघडल्याची संख्या एक-दोनच असेल, तर तुम्ही एका बैठकीत वाहून गेलात. हीच संख्या बारा-चौदा असेल, तर फोन ठेवला जात होता, पण काहीतरी वाजून पुन्हा हातात येत होता. दोन्ही दुखणी वेगळी आहेत. दुसऱ्यावर नोटिफिकेशन बंद करणे हाच निम्मा इलाज आहे. पहिल्यावर त्याचा काहीच उपयोग नाही.

कोटा नको, घड्याळ हवे

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. ऑगस्ट 2022 मध्ये तिथे सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने एक प्रयोग सुरू झाला आणि त्याची देशभर बातमी झाली. संध्याकाळी सात वाजता गावात भोंगा वाजायचा आणि पुढचा दीड तास, साडेआठपर्यंत, घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी गप्पा मारायच्या.

या प्रयोगात आपल्या कामाची गोष्ट ही की, गावाने कोणाला "दिवसात इतकीच मिनिटे" असा कोटा दिला नाही. वेळ ठरवली. कोटा असला की माणूस हिशेब करत बसतो, शिल्लक आहे का पाहतो, उद्याचा आज उचलतो. वेळ ठरली की हिशेबाला जागा राहत नाही. फोनमध्येही हे दोन्ही प्रकार आहेत. ॲप टायमर हा कोटा आहे. घड्याळावर चालणारी सोय निराळी आहे, आणि रात्रीच्या रोगावर तीच लागू पडते.

अँड्रॉइडमध्ये तिचे नाव Focus mode. Digital Wellbeing मध्येच ती असते. आत गेलात की ॲपची यादी येते. त्यात तुम्हाला रात्री अडकवणारी ॲप निवडायची. मग Set a schedule मध्ये सुरुवातीची आणि शेवटची वेळ आणि आठवड्यातले वार ठरवायचे. रात्री 10:30 ते सकाळी 6 अशी वेळ दिली की त्या काळात निवडलेली ॲप उघडत नाहीत आणि त्यांच्या सूचनाही येत नाहीत. फोन कॉल, एसएमएस, अलार्म यांना धक्का लागत नाही. पहिल्या रात्री एकदा 12 नंतर ॲप खरेच बंद आहे का, हे तपासून घ्या. मध्यरात्र ओलांडणारी वेळ नीट बसली आहे, याची खात्री तिथेच होते.

सॅमसंगच्या नव्या फोनमध्ये हीच गोष्ट Modes and Routines मध्ये मिळते. तिथे Sleep निवडून वेळ द्यायची आणि Restrict app usage मध्ये ॲप निवडायची. आयफोनमध्ये Screen Time मधले Downtime हे त्याचे नाव. त्यात उलटे असते: ठरलेल्या वेळी सगळीच ॲप बंद होतात आणि जी चालू हवीत ती Always Allowed मध्ये टाकावी लागतात.

इथे Bedtime mode चा घोटाळा होतो. नाव पाहून अनेकांना वाटते की हेच लावले की काम झाले. ही सोय स्क्रीन काळी-पांढरी करते आणि फोनचा आवाज बंद करते, पण ॲप बंद करत नाही. रंग गेल्यावर रील्सची मजा थोडी कमी होते हे खरे. मात्र चार दिवसांत डोळे सरावतात आणि काळ्या-पांढऱ्या रील्सही एक वाजेपर्यंत पाहिल्या जातात. Focus mode च्या जोडीला ती ठीक आहे, एकटी नाही.

पिवळ्या उजेडाचेही तसेच. बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात 12 जणांना झोपण्यापूर्वी कधी कागदी पुस्तक, तर कधी प्रकाश फेकणारी स्क्रीन वाचायला दिली. स्क्रीनवर वाचलेल्या रात्री त्यांना झोप लागायला सरासरी दहाएक मिनिटे जास्त लागली आणि झोपेशी संबंधित मेलाटोनिन कमी झाले. परिणाम आहेच. पण आपल्या दुकानदाराच्या अडीच तासांसमोर ती दहा मिनिटे ठेवून पाहा. त्याची झोप उजेडापेक्षा जास्त त्या अडीच तासांनी खाल्ली आहे आणि पिवळ्या फिल्टरने ते तास परत येत नाहीत.

कुठे फसते

पहिली फट म्हणजे शेजारचे ॲप. इन्स्टाग्राम बंद केले की बोट आपोआप यूट्यूबवर जाते, यूट्यूब बंद केले की फेसबुकवर. दुकानदाराच्या बाबतीत हेच झाले. म्हणून निवड करताना "माझे वाईट ॲप कोणते" असा विचार करू नका. रात्री दहानंतर ज्यात खाली सरकवत राहता येते, ती सगळी एकदम निवडा. क्रोमही त्यात टाका, नाहीतर ॲप बंद आणि तीच साइट ब्राउझरमध्ये चालू, असा प्रकार होतो.

व्हॉट्सॲपचे मात्र तोलून ठरवा. घरच्यांचे निरोप त्यावरच येत असतील तर ते बंद करणे परवडत नाही. मग ते चालू ठेवून पुन्हा तेच तीन आकडे तपासा. 12 नंतरचा वेळ व्हॉट्सॲपवर सरकलेला दिसला, स्टेटस आणि ग्रुपमधल्या व्हिडिओंवर, तर त्यालाही यादीत घ्या आणि घरच्यांना सांगा की रात्री अडचण आली तर सरळ फोन लावा.

दुसरी फट कंपन्यांनीच ठेवली आहे. Focus mode चालू असताना Take a break दाबले की 5, 15 किंवा 30 मिनिटांची सूट मिळते. आयफोनमध्ये मर्यादेच्या पडद्यावर Ignore Limit असते. फोन तुमचा असल्याने कुलपाची चावीही तुमच्याच हातात आहे. आयफोनमध्ये Screen Time ला वेगळा पासकोड लावता येतो. तो बायकोला, नवऱ्याला किंवा भावाला टाकायला सांगा आणि तुम्ही पाहू नका. अँड्रॉइडच्या Focus mode ला असा वेगळा पासकोड नाही. तिथे सूट घेतलीच तर 5 मिनिटांचीच घ्या. पाच मिनिटांनी ॲप पुन्हा बंद होते आणि तेव्हा फोन ठेवणे तुलनेने सोपे जाते, कारण व्हिडिओ मध्येच तुटलेला असतो.

ॲप टायमर मग काढूनच टाकायचा का? नाही. Focus mode दहा-साडेदहाला सुरू होत असेल आणि अहवालात दुपारचाही मोठा वेळ दिसत असेल, तर टायमर दिवसासाठी ठेवा. फक्त तो आताच्या वापरापेक्षा एकदम अर्ध्यावर आणू नका. दिवसाला 95 मिनिटे पाहणाऱ्याने 80 ने सुरुवात करावी आणि आठवड्याने 65 वर यावे. रात्रीचे कुलूप वेगळे असल्याने मध्यरात्री उघडणाऱ्या कोट्याचा आता उपयोग होत नाही आणि सकाळी पूर्ण मिनिटे शिल्लक असतात. दुकानदाराला गिऱ्हाइकाला फोटो दाखवता येतो.

आठवडाभराने पाहायचा आकडा एकच: सकाळी उठल्यावर "आज" खाली दिसणारा. तो 59 वरून पाच-दहावर आला असेल तर कुलूप बसले. तो शून्यावर आला, फोन साडेदहालाच बाजूला पडला, तरी दोन-तीन आठवडे अंथरुणात जागेच राहता असे होत असेल, तर फोन हे कारण नव्हते. जाग येत होती म्हणून फोन हातात येत होता. मग डॉक्टरांना दाखवा. काळजी, कर्ज, घरातले ताण यामुळे झोप उडाली असेल तर केंद्र सरकारची टेली मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर आहे.

रात्रीची वीज असलेल्यांसाठी

वसमत भागात हळद, ऊस, केळी असलेल्या शेतकऱ्यांना हे वाचून हसू येईल. कृषी पंपाच्या थ्री फेज विजेची पाळी रात्रीची असेल, तर जागणे हौसेचे नसते. लाइट येण्याची वाट पाहायची, मोटार चालू करायची, पाणी फिरवून यायचे, आणि मधल्या वेळात सोबतीला फोनच असतो. त्या रात्रींचा वेळ वेगळा मोजा. तो या हिशेबात घालू नका.

मात्र दोन गोष्टी सांभाळा. मोटारीला मोबाइल स्टार्टर बसवलेला असेल, म्हणजे लाइट आली किंवा मोटार बंद पडली की फोन किंवा एसएमएस येतो, तर Bedtime mode मधल्या Do Not Disturb मुळे तो वाजणार नाही. स्टार्टरमधल्या सिमचा नंबर संपर्कांत नावाने साठवा, त्याला चांदणीची खूण करा आणि Do Not Disturb च्या सेटिंगमध्ये कॉल आणि मेसेज दोन्हींसाठी Starred contacts ला परवानगी द्या. नंतर दिवसाउजेडी एकदा Do Not Disturb लावून त्या सिमवरून कॉल करून पाहा.

दुसरे, Focus mode च्या वेळापत्रकात वार निवडता येतात. पाळी आठवड्यातल्या ठराविक दिवशी रात्रीची असेल तर तेवढे वार वगळा आणि बाकीच्या रात्री कुलूप राहू द्या. पाळी बदलली की वारही बदला. मध्यरात्र ओलांडताना वार पुढचा लागतो, त्यामुळे सोमवारी रात्री सुरू झालेले कुलूप मंगळवारी पहाटेपर्यंत टिकते का, हे वार बदलल्यावर एका रात्री पाहून घ्या.